एव्हिसची फुली

ऑब्रे प्रिडलची, म्हणजे ऑबची, आणि माझी ओळख भांडणातून झाली. गाड्यांच्या वायरिंगची कामं मी ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनमध्ये घरोघर जाऊन करते, त्यामुळे फोनवर लोक कसे बोलतात याची मला सवय आहे. पण हा म्हातारा पहिल्या वाक्यातच म्हणाला, "तू बाई आहेस? मग तुझ्या नवऱ्याला दे फोन."

"नवरा ट्यूनाच्या बोटीवर स्वयंपाक करतो," मी म्हटलं. "मासा तळून हवा असेल तर त्याला देते. वायर जोडून हवी असेल तर माझ्याशी बोल."

मग तो म्हणाला, "मागचा कॅमेरा लुकलुकतोय. आज येशील का?"

"आज नाही, गुरुवारी."

"पोरी, आजच ये," तो म्हणाला, आणि आवाज असा होता की मी पुढचा टोमणा गिळला.

खाडीच्या काठच्या कॅराव्हॅन पार्कात ते दोघं राहत होते. कमिन्स गावाच्या पुढे त्यांची गव्हाची शेती होती, ती विकून कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, घेतली होती आणि देशाला प्रदक्षिणा घालायला निघाले होते. अर्ध्यातून परत आले, कारण एव्हिसला, म्हणजे त्याच्या बायकोला, आपण कुठे आहोत ते कळेनासं झालं. आधी ती गावांची नावं विसरली, मग दिवस, मग पेट्रोल पंपावर एकदा ऑबलाच विचारायला लागली की माझा नवरा कुठे गेलाय. चाकं फिरत असली की ती शांत असायची. म्हणून ऑब तिला घेऊन दर थोड्या दिवसांनी कॅराव्हॅनसकट बाहेर पडायचा, एखादी रात्र कुठेतरी काढायचा आणि परत यायचा. परत आलं की कॅराव्हॅन मागे ढकलत आपल्या जागेत घालावी लागायची. सगळं दुखणं तिथे होतं.

मी पोचले तेव्हा एव्हिस घडीच्या खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती. वाटाणे नव्हतेच, रिकाम्या शेंगा होत्या. चेहरा तरतरीत, केस नीट विंचरलेले, ब्लाउजची बटणं मात्र एक घर चुकलेली. तिने मला पाहून गोड हसून विचारलं, "धान्याच्या सायलोवर रांग मोठी आहे का गं?"

"नाही, आज मोकळं आहे," मी म्हटलं. एवढं खोटं मला चालतं.

ऑबने मला बाजूला नेऊन काय झालं ते सांगितलं. शेतावर सुगीच्या दिवसांत तो ट्रक मागे घ्यायचा आणि एव्हिस मागे उभी राहून हातांनी खुणा करायची. तिच्या खुणा तिच्या स्वतःच्या होत्या. दोन्ही तळवे आपल्याकडे ओढले की ये. एक तळवा खाली दाबला की हळू. अंगठा दाखवला की त्या बाजूला. आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली मारली की थांब, आहेस तिथे थांब. चाळीसेक सुग्या तिने अशा काढल्या, आणि कधी कुठे पत्राही चेपला नाही. पुढे ट्रकला मागे जाताना वाजणारा भोंगा लागला, तसाच ऑबने कॅराव्हॅनलाही लावला. आता नवऱ्याचं नाव विसरलेली ही बाई तो भोंगा वाजला की गाडीचं दार उघडून खाली उतरायची आणि मागे जाऊन उभी राहायची.

"दाराला कुलूप लाव ना," मी म्हटलं. मला असले साधे उपाय लगेच सुचतात आणि लगेच तोंडातून बाहेरही पडतात.

"लावलं. नखं तुटेपर्यंत दार ओरबाडलं तिने. तिला वाटतं मी ट्रक घेऊन खड्ड्यात चाललोय आणि मला सांगणारं कुणी नाही." त्याने टोपी काढून परत घातली. "म्हणून कॅमेरा बसवला. ती कुठे आहे एवढं दिसलं की पुरे. काल मागे घेत होतो, ती कडेला दिसत होती. चित्र गेलं. परत आलं तेव्हा ती अगदी मागच्या बंपरला होती. हात लावेल एवढ्यावर. आणि मला ये ये करत होती."

मी कामाला लागले.

अशा बिघाडात लोक आधी कॅमेरा बदलतात आणि तिथेच फसतात. मी उलटीकडून सुरू करते. गाडीतला कॅमेऱ्याचा स्क्रीन, म्हणजे पडदा, चालू केला. त्याची स्वतःची मेन्यूची यादी, उजेडाचे आकडे, सगळं स्थिर दिसत होतं. म्हणजे पडद्याला वीज नीट मिळत होती. कॅमेऱ्याचं चित्र मात्र येई, थरथरे, आडव्या रेघा मारी आणि जाई. गेलं की निळ्या पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी. मग मी माझा चाचणीचा कॅमेरा, माझ्याच छोट्या बॅटरीवर चालणारा, थेट पडद्याच्या मागच्या सॉकेटमध्ये खुपसला. चित्र स्वच्छ. पडदा निर्दोष, त्याचं इनपुट निर्दोष. आता आरोपी उरले दोन, मागचा कॅमेरा आणि मधली वायर.

"गाडी रिव्हर्समध्ये टाक, इंजिन बंद ठेव, हँडब्रेक घट्ट," मी ऑबला म्हटलं आणि मीटर घेऊन कॅराव्हॅनच्या मागे गेले. कॅमेऱ्याला वीज रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरीतूनच दिलेली होती. स्वस्तातल्या संचात असंच असतं. कॅमेरा सुटा करून मोजलं तर बारा व्होल्टच्या वर. आनंद. कॅमेरा जोडून मोजलं तर नऊ, कधी आठ. याचा अर्थ वाटेत कुठेतरी वीज अडते आहे. काही ओढायला लागलं की तिचा दम जातो. जोड शोधत पुढे आले. गाडी आणि कॅराव्हॅन जोडणाऱ्या प्लगच्या पिना समुद्राच्या हवेने हिरव्या पडलेल्या. अर्थिंगची वायर चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, एका स्क्रूने मारलेली, आणि स्क्रूखाली रंग आणि गंज. त्यात चित्राची वायर जोडाजवळ वाकून वाकून आतून तुटलेली, बोटाने हलवली की ऑब आतून ओरडे, "आलं!" आणि सोडली की, "गेलं!"

"कुणी बसवलं होतं हे?" मी ओरडले.

"मी."

"दिसतंयच. रंगावर अर्थिंग मारतोस? गहू काय डांबरावर पेरायचास का?"

तो पहिल्यांदा हसला. बिचाऱ्याचे दात फार चांगले होते.

मी प्लग बदलला. कॅमेऱ्यासाठी बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढली, फ्यूज घातला, आणि रिव्हर्सच्या दिव्याने फक्त रिलेचा स्विच चालू व्हावा असं केलं. अर्थिंगसाठी पत्रा चकचकीत घासला. चित्राची वायर पूर्ण नवी टाकली. या सगळ्यात दुपार गेली, आणि तोपर्यंत एव्हिस माझ्या हत्यारांच्या डब्यातले पाने आकारानुसार लावून बसली होती. ते मात्र तिने एकही न चुकता लावले होते.

मग चाचणी. ऑबने रिव्हर्स टाकला, भोंगा वाजला, आणि एव्हिस उठली. मी ते आधी फक्त ऐकलं होतं. डोळे बदलले तिचे. पाठ ताठ झाली, ब्लाउज खाली ओढलं, आणि ठाम पावलं टाकत ती मागे जाऊन उभी राहिली. मी गाडीच्या खिडकीशी होते, ऑबच्या खांद्यावरून पडदा बघत. चित्र इतकं स्वच्छ होतं की तिच्या मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा दिसत होता.

ती दोन्ही तळव्यांनी बोलावत होती. ये. ये. हळू. डावीकडे. ये. ती पुढे सरकत आली होती, तिच्यात आणि कॅराव्हॅनमध्ये आता अंतर नव्हतं. गाडी जागची हलली नव्हती, ऑबचा पाय ब्रेकवर होता, इंजिन बंद होतं. पण तिच्या हिशेबी ट्रक मागे येत होता, आणि ती त्याला थेट आपल्या अंगावर बोलावत होती.

"फुली मार," ऑब पडद्याकडे बघत पुटपुटला. "एव्ही, फुली मार ना."

तिने मारली नाही. तिला ये आठवत होतं, हळू आठवत होतं. थांब तेवढं गेलं होतं. लुकलुकत्या चित्रात त्याला ते इतके महिने कळलं नव्हतं, आणि मी ते त्याला लख्ख करून दाखवलं होतं.

मी म्हटलं, "भोंग्याची वायर काढते. दोन मिनिटांचं काम. वाजलाच नाही तर ती उतरणार नाही."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या घरचं काही चोरते आहे. "मग ती उठेल कशासाठी?" तो म्हणाला. "आता एवढ्यासाठीच उठते ती, पोरी."

मी भोंगा तसाच ठेवून हत्यारांचा डबा बंद केला.

त्यानंतर त्याने पार्कातली जागा बदलून घेतली. एका बाजूने आत शिरायचं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचं, अशी सरळ जागा. मागे घ्यायची गरजच उरली नाही. पुढे तो मला बोलावू लागला ते बॅटरी उतरली म्हणून. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मी चिडले. "उभ्या गाडीची बॅटरी उतरते कशी? रात्री आत दिवाळी करतोस का?" मग मीच पाहिलं. इंजिन बंद, चावी चालू, गाडी रिव्हर्समध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे लावलेले. भोंगा वाजतोय, आणि ऑब आत बसून पडद्यात बायकोला बघतोय. ती मागे उभी राहून त्याला सुगी काढून देतेय.

मी त्याला दुसरी बॅटरी जोडून दिली आणि पुन्हा चिडले नाही.

पण भोंगा काय फक्त ऑबच्याच गाडीला असतो? पार्कात कचऱ्याची गाडी यायची. तिचा भोंगा वाजला, ऑब तेव्हा आंघोळीला गेला होता, आणि एव्हिस निघाली. रस्ता ओलांडून ती कचऱ्याच्या गाडीमागे जाऊन उभी राहिली आणि हातांनी बोलावू लागली. ड्रायव्हरच्या पडद्यावर ती वेळेत दिसली म्हणून वाचली. तो उतरून कडेला ओकला. पार्क चालवणारी लिनेट तशी मायाळू बाई, पण तिने त्या संध्याकाळी ऑबला सांगितलं, "ऑब, माझ्याच्याने नाही व्हायचं. पुढच्या वेळी तो ड्रायव्हर दुसरीकडे बघत असेल."

ऑब माझ्याकडे आला आणि माझ्या शेडमध्ये रिकाम्या ड्रमवर बसून राहिला. "मीच सवय लावली तिला," तो म्हणाला. "रोज. मीच तो भोंगा रोज वाजवला."

"ती सवय चाळीस वर्षांची आहे," मी म्हटलं. खरं होतं ते. पण त्याला ते घ्यायचं नव्हतं, आणि मी त्याच्या पुढ्यात चहा ठेवण्यापलीकडे काही करू शकले नाही.

एव्हिसला वृद्धांच्या घरात ठेवलं. आतून बाहेर पडायला दाराला आकडे दाबावे लागतात, असा भाग. ऑबने कॅराव्हॅन विकली, एक भाड्याची खोली आणि एक छोटी गाडी घेतली. तो रोज जायचा. एव्हिस त्याला पाहुणा समजायची, सभ्यपणे बसवायची, आणि थोड्या वेळाने घाबरून नर्सला म्हणायची, "या माणसाला सांगा ना, माझा नवरा यायची वेळ झालीय."

मग त्याने माझ्याकडे तो जुना कॅमेरा आणि भोंगा आणून टाकला. "हे नव्या गाडीला लाव."

"त्या गाडीला कंपनीचा कॅमेरा असेल की."

"नाही. जुनं मॉडेल आहे. आणि मला हाच हवा."

लावून दिला, तर पुन्हा लुकलुक. या वेळी जोड सगळे माझे, त्यामुळे माझं डोकं फिरलं. दोष गाडीचा निघाला. तिचा कॉम्प्युटर दिव्याला सलग वीज देत नव्हता, तुकड्यातुकड्यांनी देत होता. दिव्याला त्याचं काही वाटत नाही, डोळ्याला दिवा सलगच दिसतो, पण कॅमेरा प्रत्येक तुकड्याला दचकतो. म्हणून मी कॅमेऱ्याची वीज चावीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजवरून घेतली आणि दिव्याच्या वायरीवर फक्त 'आता दाखव' एवढा इशारा ठेवला, मध्ये फिल्टर घालून. चित्र दगडासारखं स्थिर झालं.

का हवं होतं ते मला नंतर कळलं. त्या घराच्या मागे एक गल्ली आहे आणि एव्हिसची खिडकी गल्लीवर उघडते. ऑब रोज सकाळी गाडीची पाठ त्या खिडकीकडे करून उभा राहायचा, रिव्हर्स टाकायचा, भोंगा वाजायचा. आणि खिडकीत एव्हिस यायची, ताठ, आणि काचेमागून खुणा करायची. समोर बसलेल्या ऑबला ती ओळखत नव्हती. पाठमोऱ्या गाडीतल्याला मात्र ती पक्कं ओळखत होती. तिथल्या नर्सने एकदा येऊन काय चाललंय ते विचारलं, आणि मग भोंगा वाजायच्या वेळी ती स्वतःच खिडकीचा पडदा सारून ठेवू लागली. हिवाळाभर हे चाललं. मी त्या बाजूला काम असलं की गल्लीतून जायची. हात करायची, पण तो वर बघायचा नाही. त्याला वेळ नसायचा.

वसंतात त्याचा फोन आला. "कॅमेरा गेला. चित्रच येत नाही."

"लुकलुकतंय की अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

मी गल्लीत पोचले तेव्हा गाडी नेहमीच्या जागी होती, पाठ खिडकीकडे. ऑब पुढे बसला होता, दाढी वाढलेली. पडदा चालू होता. मी आत वाकून पाहिलं आणि मला बिघाड कळला. तरीही मी हत्यारांचा डबा काढला.

मी सगळं तपासलं. मागची झाकणी काढली. कॅमेऱ्याला वीज किती, तर बारा आणि वर थोडं, कॅमेरा जोडलेला असताना. अर्थिंग चांगलं. फ्यूज चांगला. डिकीच्या बिजागरीजवळची वायर हाताने वाकवून पाहिली, चित्र हललंही नाही. पडद्यामागचं सॉकेट काढून परत घातलं. माझा कॅमेरा लावून पाहिला, त्याचा परत लावला. प्रत्येक वेळी मी मोठ्याने सांगत होते, "हे ठीक आहे, ऑब. हेही ठीक आहे." तो नुसता मान हलवत होता. मी हे का करत होते? कारण त्याने मला त्यासाठी बोलावलं होतं. आणि शेवटी जे सांगायचं होतं ते मला जितकं लांबवता येईल तितकं लांबवायचं होतं.

पडद्यावर खिडकी स्वच्छ दिसत होती. तिचा पडदा बाजूला सारलेला. काचेत पलंगाची लोखंडी कड, आणि तिच्यावर पांघरुणाखाली पायांचा उंचवटा.

"पडली ती," ऑब म्हणाला. "खुब्याचं हाड. ऑपरेशन झेपणार नाही म्हणाले. आता औषधावर आहे. भोंगा वाजवला, कालही वाजवला. नर्स म्हणते डोळेही उघडत नाही."

"वायरिंग ठीक आहे, ऑब," मी म्हटलं. माझा आवाज मलाच नको झाला. "चित्र येतंय."

"हो," तो म्हणाला. "दिसतंय मला."

भोंगा वाजतच होता. तो बंद करावा असं त्याला सुचत नव्हतं, आणि मला सांगवत नव्हतं. तो किती वेळ तसा बसला असता कोण जाणे, संध्याकाळपर्यंतही.

मग तो पुढे बघूनच म्हणाला, "पोरी, तुझी ती शेवटची चाचणी राहिली."

काम संपलं की मी नेहमी मागे जाऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहते आणि हात हलवून विचारते, दिसतंय का. मी मागे गेले. गाडी आणि खिडकीच्या मध्ये उभी राहिले. एव्हिस माझ्या पाठीमागे काचेपलीकडे होती.

"दिसतंय का?" मी ओरडले.

"दिसतंय." गाडीच्या खिडकीतून त्याचा आवाज आला, फाटलेला. "ती करायची तसं कर. ती विसरली होती ना, ते."

मी हत्यार खाली ठेवलं, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि फुली मारली.

भोंगा थांबला.